नम्र विनंती आणि मालकांचे मेहुणे

दादरमधल्या आमच्या 400 चौरस फूट कार्पेटच्या कार्यालयाचा लिव्ह अँड लायसन्स करार संपत आला, तेव्हा मालकांनी 48,000 रुपयांचे भाडे 60,000 करण्याचा निरोप पाठवला. भांडण टाळावे म्हणून मी त्यांना दोन पानी सविनय पत्र लिहिले, आणि तिथेच चुकलो.

पत्रातला मुद्दा साधा होता. मालकांनी धरलेला चौरस फुटाला 150 चा दर पलीकडच्या नव्या इमारतीच्या जाहिरातीतला होता, आणि जाहिरातीत छापतात ती मालकाची अपेक्षा असते. आमच्याच गल्लीतल्या दोन नोंदणीकृत करारांत, त्याही कार्पेटवरच, दर होते 122 आणि 126. म्हणून मी 126 च्या दराने 50,400 देऊ केले. शिवाय असेही नम्रपणे सुचवले की, नवा भाडेकरू मिळेपर्यंत जागा दोनच महिने रिकामी राहिली तरी माझ्याकडून मिळणारे 1,00,800 रुपये बुडतील, वर दलालीचे एक महिन्याचे भाडे जाईल. उलट 60,000 मुळे वर्षाला जादा मिळणार ते 1,15,200.

मालकांनी पत्र न वाचताच सोफ्यावर आडव्या झालेल्या मेहुण्यांकडे दिले. या गृहस्थांचा त्या जागेशी संबंध एवढाच की, उद्घाटनाला त्यांनी नारळ फोडला होता. चष्मा कपाळावर ठेवून त्यांनी पत्र कीर्तनकाराच्या सुरात वाचले, आकडे आले की मात्र "इत्यादी, इत्यादी" म्हणून पुढे गेले. "आपणांस सविनय विनंती" इथे ते थांबले.

"दाजी, हा माणूस अडचणीत नाही," ते म्हणाले. "अडचणीतला माणूस फोन करतो, रडतो. ज्याला 'आपणांस'वरचा अनुस्वार सुचतो, त्याला साठ हजार जड नाहीत."

मी गल्लीतल्या करारांची आठवण करून दिली. त्यावर त्यांनी मला शांतपणे विचारले, "तुम्ही लोकांचे करार वाचत बसता, म्हणजे कार्यालयात काम कमी आहे का? मग एवढी जागा कशाला हवी?" आठवडाभर जमवलेली आकडेवारी या एका प्रश्नापुढे निरुपयोगी ठरली, याचा राग अजून गेलेला नाही. मालक मात्र बोटांवर मोजत बसले होते. दोन रिकाम्या महिन्यांचा हिशेब त्यांना निमूटपणे लागला असावा.

शेवटी तीन वर्षांसाठी, दरवर्षी पाच टक्के वाढीसह, 51,000 वर ठरले. भिंतींचे पोपडे पावसाने निघाले असले तरी रंगाचा खर्च माझ्याकडे आला, कारण "शुद्ध लिहिणाऱ्यांना स्वच्छता आवडते".

जिना उतरत असताना मेहुण्यांनी हाक मारली. त्यांचाही ठाण्यात एक गाळा भाड्याने दिलेला आहे, आणि भाडेकरू वाढ द्यायला तयार नाही. "असेच एक पत्र हवे होते," ते म्हणाले, "फक्त आकडे उलटे."