एम्प्लॉयी नॉट रेडी

काल दुपारी मेल आला. अप्रेझल डिस्कशन पुढे ढकललंय, कारण: 'एम्प्लॉयी नॉट रेडी'. कॉपी माझ्या मॅनेजरला, आणि त्याच्या मॅनेजरलाही. मी तेव्हा पोटाशी उशी धरून आडवा होतो, हर्नियाचं ऑपरेशन होऊन चौथा दिवस, आत जाळी बसवलेली, आणि म्हणे मी रेडी नाही!

झालं असं की ऑपरेशनची तारीख दोन महिने आधी ठरली होती, रजा सिस्टीममध्ये मंजूर, आणि मंजूर करणारा मॅनेजर तोच ज्याने बरोब्बर रजेतच अर्ध्या तासाचं डिस्कशन टाकलं. मी ऑपरेशनच्या आधीच मेल केला की रजेच्या आधी घ्या नाहीतर परत आल्यावर, दोन्हीकडच्या तारखाही दिल्या. त्याने एचआरकडे ढकललं. आणि एचआरमधल्या मुलाचा फोन आला परवा, म्हणजे मी घरी आल्यावर.

"सर, तुम्ही डिस्कशन का मूव्ह करताय?"

म्हटलं, ऑपरेशन झालंय.

"ओके सर. पण ऑपरेशन तर झालं ना?"

इथे मला हसू आलं, आणि हर्नियाच्या ऑपरेशननंतर हसू येणं म्हणजे काय हे ज्याचं झालंय त्यालाच कळेल. खोकला, शिंक आणि हसू, तिन्ही आधी उशी दाबून धरायची आणि मग करायचं, असं डॉक्टरांनी नीट शिकवलंय. मी उशी शोधेपर्यंत तो पुढे निघून गेला होता.

"सर, रीझन सिलेक्ट करावं लागतं. मॅनेजर ट्रॅव्हलिंग आहे, मॅनेजर ऑन लीव्ह आहे, आणि अदर्स आहे."

"एम्प्लॉयी ऑन लीव्ह?"

"ते नाहीये सर." मग जरा विचार करून, "तुम्ही ट्रॅव्हलिंग आहात असं टाकू का?"

म्हटलं, बेडपासून बाथरूमपर्यंत करतो, पण ते मॅनेजरच्या खात्यावर कसं टाकणार. त्याला ते पटलं. बराच वेळ कीबोर्डचा आवाज येत राहिला. मग म्हणाला, "कॅमेरा बंद ठेवून घेतलं तर चालेल का सर? झोपून पण बोलता येतं."

येतं की. पण मी पेनकिलरवर आहे, सकाळी औषध घेतलं की नाही हे दुपारी आठवत नाही, आणि वर्षभरात काय काय केलं ते मला आठवायचंय. त्या अवस्थेत मी कशालाही हो म्हटलं असतं, आणि त्यांना बहुतेक तेच हवं असावं. शिवाय मागच्या वर्षीचा फीडबॅक होता 'जास्त जबाबदारी उचलायला हवी'. इथे डॉक्टर म्हणतात सहा आठवडे काही उचलू नका. तसं मी ऑफिसात लॅपटॉपपेक्षा जड काही उचललेलं नाही, तरी जो भेटेल तो विचारतो, "अरे काय उचललंस एवढं?"

असो. शेवटी त्याने 'अदर्स' टाकलं, आणि पुढच्या रकान्यात वीसच अक्षरं मावतात म्हणे, त्यात 'सर्जरी' लिहिलं तर मेडिकल माहिती उघड होते, म्हणून माझ्या प्रायव्हसीसाठी त्याने ते लिहिलं जे वर सांगितलं. माझ्या प्रायव्हसीसाठी!

फोन ठेवता ठेवता मी सहज विचारलं, कॅलिब्रेशन कधी आहे. म्हणजे ती मीटिंग जिथे सगळे मॅनेजर एकत्र बसून रेटिंगची ओढाताण करतात, वरचे रेटिंग ठरावीकच लोकांना द्यायचे असतात म्हणून.

"ते मागच्या मंगळवारीच झालं सर."

मग गप्पच बसलो. म्हणजे डिस्कशन आज घेतलं काय आणि महिन्याने घेतलं काय, आकडा लॉक झालाय, आता फक्त तो मला वाचून दाखवायचा बाकी. आणि मी मूर्ख, डिस्कशनच्या तारखेसाठी तीन मेल केले. खरं तर पहिल्याच मेलमध्ये विचारायला हवं होतं की कॅलिब्रेशन कधी, आणि त्याच्या आधी मॅनेजरच्या हातात अर्धं पान द्यायला हवं होतं: मार्चमधलं ते रात्रभर चाललेलं मायग्रेशन, दोन नव्या मुलांना तयार केलं ते, आणि ज्या क्लायंटने तक्रार मागे घेतली तो मेल जसाच्या तसा. सेल्फ-अप्रेझल भरलं होतं मी, पण ते पोर्टलवर पडून होतं, आणि ओढाताणीच्या खोलीत बसून पोर्टल कोण उघडतं? तिथे मॅनेजरला तोंडपाठ जेवढं तेवढंच. माझ्याबद्दल त्याला तोंडपाठ एकच गोष्ट होती, की मी रजेवर चाललोय.

"टेन्शन घेऊ नका सर," मुलगा म्हणाला, "रेटिंग मला सांगता येत नाही, पण 'मीट्स एक्स्पेक्टेशन्स'च आहे."

आज सकाळी आणखी एक मेल. तिकीट क्लोज झालंय, सेवेचा अनुभव कसा वाटला, 1 ते 5 मध्ये सांगा. 3 दिले. कॉमेंट कंपल्सरी होती, लिहिलं, 'जास्त जबाबदारी उचलायला हवी'. आणि सबमिट दाबायच्या आधी उशी घट्ट धरली.