गुडघा आहे, मालक नाही

आमच्या घरात लॅमिनेशन न झालेली एकच वस्तू उरली आहे, ती म्हणजे मी. ह्यांनी निवृत्त झाल्यावर ते छोटं यंत्र घरी आणलं आणि तेव्हापासून रेशनकार्ड, गॅसचं पुस्तक, नातवाचं चित्रकलेचं प्रमाणपत्र, इतकंच काय तर वन्संनी पाठवलेली अनारशांची कृतीसुद्धा प्लॅस्टिकमध्ये गेली आहे. त्यामुळे २०२४च्या फेब्रुवारीत माझा उजवा गुडघा बदलला आणि डिस्चार्जच्या फायलीत एक घडीचं कार्ड मिळालं, तेव्हा त्याचं भवितव्य मला कळायला हवं होतं.

कार्ड तसं साधंच. बाहेरून डॉक्टरांचं नाव, शस्त्रक्रियेची तारीख, 'उजवा' या शब्दाभोवती पेनानं केलेला गोल. आत एका बाजूला काय करू नये याची यादी, दुसऱ्या बाजूला तपासणीच्या तारखा. आणि मधोमध चार चिकटलेली स्टिकरं. मी छत्तीस वर्षं मराठी शिकवलं, पण त्या स्टिकरांवरची भाषा मला लागेना. एका चौकोनात 'रेफ' लिहिलेलं. मी ह्यांना म्हटलं, "रेफ म्हणजे रफार. गुडघ्यात रफार कशाला?" हे म्हणाले, "'र्' मोडल्यावर वर जातो ना? तसं काही तरी असेल."

खरी गंमत चित्रांची. प्रत्येक स्टिकरवर एक वाळूचं घड्याळ आणि त्याच्या शेजारी तारीख. तिघांवर २०३१ साल, एकावर २०२८चा नोव्हेंबर. ह्यांनी चष्मा कपाळावर सरकवून शांतपणे निदान केलं: "एक्स्पायरी. एक भाग आधी संपणार." लगेच त्यांनी वहीत नोंद केली: 'नोव्हें. २०२८, गुडघा नूतनीकरण.' विम्याच्या हप्त्याच्या खाली. पुढे एका वर्तुळात २ हा आकडा आणि त्यावर आडवी काट. त्याचा अर्थ त्यांनी लावला, "दुसरा गुडघा करायचा नाही." मला रात्रभर डावा गुडघा ठणकत राहिला.

टाके काढायला गेलो तेव्हा मी कार्ड डॉक्टरांच्या पुढ्यात ठेवलं. ते आधी पोट धरून हसले. घड्याळाची तारीख म्हणजे तो भाग बंद खोक्यात निर्जंतुक राहण्याची मुदत. त्या तारखेच्या आत खोकं उघडून तो बसवायचा. एकदा बसवला की ती तारीख संपली. शरीरात तो पंधरा-वीस वर्षं सहज चालतो. आणि काट मारलेला दोन म्हणजे ही वस्तू एकदाच वापरायची, एकीतून काढून दुसरीला बसवायची नाही. (मला मनातून बरं वाटलं. आमच्याकडे साड्यांचं तसं होत असतं.)

मग त्यांनी चार स्टिकरं बोटानं दाखवली. पहिलं मांडीच्या हाडाच्या टोकावर बसवलेल्या धातूच्या टोपणाचं, दुसरं नडगीच्या हाडावरच्या धातूच्या ताटलीचं, तिसरं त्या दोघांमधल्या प्लॅस्टिकच्या चकतीचं आणि चौथं हाडाला धातू चिकटवणाऱ्या सिमेंटचं. २०२८वाली ती चकती. तिच्यावर '१० मि.मी.' होतं. माझी उंची एक सेंटिमीटरनं वाढली, असा मी समज करून घेतला होता आणि तो एका मैत्रिणीला सांगूनही टाकला होता. पण ती जाडी झिजलेल्या आणि कापलेल्या हाडाची जागा भरायला असते.

"हे कार्ड तुमच्यासाठी नाहीच," डॉक्टर म्हणाले. "पुढे कधी नुसती चकती बदलायची वेळ आली, तर ते काम करणाऱ्या डॉक्टरसाठी आहे. एका कंपनीची चकती दुसरीच्या ताटलीत बसत नाही. कंपनी, रेफ क्रमांक आणि माप माहीत असेल तर नेमकी चकती मागवता येते. नाही तर चकतीसाठी चांगली घट्ट बसलेली ताटलीसुद्धा उखडावी लागायची. आणि लॉट क्रमांक कशाला? उद्या कंपनीनं एखादा लॉट सदोष म्हणून परत बोलावला, तर तो तुमच्याच पायात आहे का, हे त्यावरून कळतं." रेफ म्हणजे कंपनीच्या यादीतला नमुन्याचा क्रमांक, हेही तेव्हाच कळलं. माझं व्याकरण वाया गेलं.

हे इतकं महत्त्वाचं आहे असं ऐकल्यावर ह्यांनी घरी येऊन काय केलं असेल? यंत्र तापत घातलं.

दोन मिनिटांत कार्ड गरमागरम पापडासारखं बाहेर आलं. कंपनीची चारही स्टिकरं जशीच्या तशी. पण वरच्या कोपऱ्यात रुग्णालयानं लावलेला नाव, नोंदणी क्रमांक आणि तारखेचा कागद काळाकुट्ट. तो बसच्या तिकिटासारखा उष्णतेनं उमटणाऱ्या छपाईचा होता. उष्णता लागली आणि सगळाच उमटला. आता कार्डावर गुडघ्याची सात पिढ्यांची माहिती होती, फक्त तो कुणाचा ते नव्हतं.

पुढच्याच महिन्यात भाचीच्या लग्नाला विमानानं जायचं होतं. चौकटीतून जाताना मी टुंईं वाजले. मी ऐटीत कार्ड पुढे केलं. सुरक्षेतल्या बाईंनी ते उलटसुलट पाहिलं आणि काळ्या चौकोनावर बोट ठेवलं. "यात नाव कुठाय?" मी म्हटलं, "भाजलं." त्या म्हणाल्या, "असू दे, नाव असतं तरी तपासायचंच असतं. या पडद्याआड." हातातलं यंत्र गुडघ्यावर फिरवलं, ते केकाटलं, सलवार वर करून मी व्रण दाखवला, झालं. कार्डानं तपासणी टळत नाही. इतकंच की यंत्र कशाला ओरडतंय हे समोरच्याला पटकन कळतं. लग्नात पंगत भारतीय बैठकीची. कार्डावर 'मांडी घालू नये, उकिडवे बसू नये' छापलंय हे मी तीन मावश्यांना वाचून दाखवलं. चौथीनं विचारलं, "पण हे कार्ड तुझंच कशावरून?"

परत आल्यावर रुग्णालयाच्या नोंदणी विभागात गेलो. खिडकीतल्या मुलानं कार्ड उजेडात धरलं आणि न विचारता म्हणाला, "घरी मशीन आहे ना? महिन्याला दोन-तीन येतात." त्याच स्टिकरांचा दुसरा संच शस्त्रक्रियेच्या कागदांवर चिकटवलेला असतो. त्यावरून पडताळून त्यानं नावाचा नवा कागद काढला, प्लॅस्टिकवरूनच चिकटवला आणि शिक्का मारला. "मोबाइलवर फोटो काढून ठेवा, दोन्ही बाजूंचा," म्हणाला. फोटो ह्यांनी काढला. एका कोपऱ्यात अंगठा आला आहे.

तपासणीच्या तारखा आता भिंतीवरच्या दिनदर्शिकेत दूधवाल्याच्या खाड्यांशेजारी असतात. सहा आठवडे, तीन महिने, एक वर्ष झालं, आता दरवर्षी. दुखत नसताना एक्सरे कशाला, म्हणून मी एकदा टाळायला बघितलं होतं. पण धातू हाडापासून सुटायला लागला किंवा चकती झिजली, तर ते दुखायच्या आधी जुन्या एक्सरेशी ताडून पाहिल्यावर दिसतं, असं कळलं. तेव्हापासून जुन्या फिल्मा आम्ही गादीखाली सरळ ठेवतो.

पहिल्या वर्षाची फिल्म ह्यांच्या हातात होती परवा. मी विचारलं, "काय बघताय?"

"काही नाही," म्हणाले. "हिचा आकार यंत्रात मावणार नाही."