अंगाईला गळा लागत नाही

“गळा चांगला नसेल तर बाळाला गाऊन झोपवू नका. बेसूर ऐकून त्याचा कान बिघडतो. शिवाय एकदा सवय लागली की ते गाण्याशिवाय झोपतच नाही. त्यापेक्षा मोबाइलवर चांगल्या गायिकेची अंगाई लावा.”

ग्वाल्हेरच्या मराठी घरांत फिरत आलेला हा निरोप जास्तच बोचतो. ज्या गावात घराण्याची गायकी कानावर पडत माणसे वाढतात, तिथे सुराला कच्चे असलेले आईबाप आधीच गप्प असतात, आणि दिवसभर थकून आल्यावर असे काही वाचले की तेवढी दोन मिनिटेही गात नाहीत.

पहिला मुद्दा कानाचा. एखादे गाणे मूळ चालीपासून ढळले आहे असे म्हणण्यासाठी ती चाल ठाऊक असावी लागते. आठ महिन्यांच्या बाळाला मूळ चाल ठाऊक नसते; आई रोज जशी गाते तीच त्याची चाल. त्याला ओळखू यावे म्हणून आजचे गाणे कालच्यासारखे हवे, एवढेच, आणि ते आयांना नकळत साधते. बर्जसन आणि ट्रेहब या संशोधकांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, आयांनी बाळासाठी वेगवेगळ्या दिवशी गायलेले एकच गाणे ताडून पाहिले, तेव्हा पट्टीतला फरक अर्ध्या स्वराहून कमी आणि लयीतला सुमारे ३ टक्के निघाला. या गायिका नव्हत्या, साध्या आया होत्या. बाबा तेच गाणे खालच्या पट्टीत म्हणाले तरी बिघडत नाही, कारण सहा महिन्यांची बाळे ओळखीची चाल पट्टी बदलली तरी ओळखतात.

ग्वाल्हेरच्या लश्कर भागात राहणाऱ्या माझ्या धाकट्या बहिणीच्या घरी तर चालही नव्हती. तिचे यजमान दुकान बंद करून नऊला घरी येतात आणि त्यांना एकही गाणे पुरते येत नाही. त्यांनी बेचा पाढा धरला. आधी बाळाचे अंग कोमट पाण्याने पुसायचे, मग लंगोट आणि झबले बदलायचे, मग आईने दूध पाजायचे, आणि मोठा दिवा घालवून त्याला खांद्यावर घेतल्यावरच पाढा सुरू करायचा, असा त्यांचा क्रम ठरला. “बे एके बे, बे दुणे चार” हे नेहमीच्या बोलण्याच्या वेगाने, दुसरी फेरी त्याहून सावकाश, आणि तिसऱ्या फेरीत “बे दाहे वीस” येईपर्यंत आवाज जवळजवळ पुटपुटण्यावर आलेला. पहिले चार दिवस बाळ रडलेच. दुसऱ्या आठवड्यात मात्र “बे एके बे” ऐकताच ते मान खांद्यावर टाकू लागले आणि त्याच्या मुठी सैल पडू लागल्या. खूण पटल्याचे असे अंगावरून कळते, डोळे मिटण्याची वाट पाहावी लागत नाही.

मध्येच एकदा ही खूण बिघडलीही. दवाखान्याच्या बाकावर बाळ रडू लागले म्हणून त्याच्या वडिलांनी तिथेही पाढा म्हटला, मग दुपारी खेळतानाही म्हणू लागले, आणि त्या आठवड्यात रात्री त्याचा काही उपयोग होईना. झोपेचे गाणे झोपेपुरतेच ठेवावे. खेळण्यासाठी दुसरे म्हणावे.

सवयीच्या मुद्द्यात तथ्य आहे, पण ते गाणे कुठे थांबते यावर अवलंबून असते. बाळांची झोप साधारण ५० ते ६० मिनिटांच्या फेऱ्यांत चालते आणि दोन फेऱ्यांच्या सांध्यावर ती अर्धवट जागी होतात. जे बाळ गाणे ऐकत, खांद्यावर गाढ झोपले, ते या सांध्यावर तेच गाणे आणि तोच खांदा शोधते व सापडला नाही की रडते. म्हणून तिसरी फेरी संपली की, पापण्या जड झालेल्या पण डोळे अजून किलकिले असताना बाळाला अंथरुणावर उताणे ठेवावे आणि गप्प राहावे. उरलेली झोप त्याला स्वतःच लागू द्यावी. पहिल्या दोन-तीन महिन्यांत दिवस-रात्रीचे चक्रच बसलेले नसते, तेव्हा हे जमले नाही तरी हरकत नाही. ताप किंवा कानदुखी असेल तर गाण्याने झोप येत नाही. तिथे डॉक्टरच गाठावेत.

मोबाइलबद्दल खरे तेच सांगते. ध्वनिमुद्रित गाण्यानेही बाळे शांत राहतात: माँट्रियलच्या एका प्रयोगात वर्षाच्या आतली बाळे असे गाणे ऐकताना सरासरी नऊ मिनिटांच्या आसपास रडल्यावाचून राहिली, नुसते बोलणे ऐकताना चारच्या थोडे वर. पण बाळाचा श्वास मंदावला की आपला आवाजही मंद करणे मोबाइलला जमत नाही, पडद्याचा उजेड असतो तो वेगळाच. ज्या रात्री आवाजच बसलेला असेल त्या रात्री तो लावावा, खोलीच्या दुसऱ्या टोकाला, पालथा आणि हळू आवाजात.