त्या ११,००० लोकांचा हिशोब

२०२३ च्या दिवाळीआधीची गोष्ट. माझी मावसबहीण ठाण्यात घरून भाजणी विकते. तिचं इन्स्टाग्राम सांभाळणाऱ्याने महिन्याच्या बिलासोबत एका पोस्टचा स्क्रीनशॉट पाठवला. रीच ४,१२०, इम्प्रेशन्स ६,८९०, सेव्ह २१२. खाली लिहिलेलं: "एकूण ११,००० लोकांपर्यंत पोहोचलो!" ताई खूश. मला मात्र ती ओळ वाचून राग आला आणि अजूनही येतो, कारण ही बेरीज करताच येत नाही.

रीच म्हणजे पोस्ट निदान एकदा ज्यांच्या स्क्रीनवर आली अशी वेगवेगळी अकाउंट. एका अकाउंटने दहादा पाहिली तरी रीचमध्ये ते एकच. इम्प्रेशन्स म्हणजे पोस्ट एकूण किती वेळा स्क्रीनवर आली. तिथे त्याच अकाउंटचे दहा धरले जातात. म्हणजे ते ४,१२० जण ६,८९० च्या आतच आहेत. दोन्हींची बेरीज म्हणजे दुकानात आलेली माणसं आणि त्यांच्या फेऱ्या एकत्र मोजणं. खरा आकडा ४,१२०, तोही अकाउंटचा. एकाच फोनवर सासू-सुनेने मिळून पाहिली तर एक, एकाच माणसाची दोन अकाउंट असली तर दोन. आणि पोस्टचा फोटो काढून कुणी सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला, तर तो कुठेच मोजला जात नाही.

तीन पोस्टचे रीच मिळवून महिन्याचा रीच सांगतात, तेही चूकच. तिन्ही पाहणारी शेजारीण तिथे तीनदा मोजली जाते.

६,८९० ला ४,१२० ने भागलं तर साधारण पावणेदोन येतात. म्हणजे एका अकाउंटला सरासरी पावणेदोन वेळा पोस्ट दिसली. याने हुरळून जायचं कारण नाही. पोस्ट चार फोटोंची होती, आणि अशी पोस्ट फीडमध्ये पुन्हा येते तेव्हा कधी कधी दुसरा फोटो पुढे दिसतो. नुसतं स्क्रोल करून पुढे गेलेलाही यात आहेच. आता इन्स्टाग्राम इम्प्रेशन्सऐवजी व्ह्यूज दाखवतं, पण पुन्हा पुन्हा पाहणं त्यातही धरलेलं असतं, त्यामुळे व्ह्यूजला माणसं म्हणू नका.

मला त्या स्क्रीनशॉटमध्ये मोलाचा वाटला तो २१२. शंभरातल्या पाच अकाउंटनी ती पोस्ट मुद्दाम बाजूला काढून ठेवली. कोणी ठेवली ते इन्स्टाग्राम सांगत नाही, आणि सेव्ह करणारा विकत घेईलच असंही नाही. पण तिसऱ्या फोटोत ताईने स्वतःच्या अक्षरात भाजणीचं प्रमाण लिहिलं होतं: तांदूळ, हरभरा डाळ, उडीद डाळ, ज्वारी, बाजरी, धणे, सगळं वाटीच्या मापाने. आधीच्या सुबक पाकिटांच्या पोस्टला सेव्ह होते नऊ. त्या पोस्टचा रीचही जवळपास एवढाच होता.

बिल देण्याआधी ताईने त्याला फोन करून ती ओळ बदलून घेतली. पुढच्या पोस्टसाठी ती उपवासाच्या भाजणीचं प्रमाण लिहायला बसली.