निळ्या खुणा आणि आत्या

परवा इंदूरला माझं लग्न झालं. त्या सकाळी मी नवरीला एक मेसेज पाठवला होता, तयार होता होता तिनं वाचावा म्हणून. तो आजतागायत तिनं वाचलेला नाही.

चूक वेळेची. केस बांधत असतात तेव्हा नवरीचे डोळे मोकळे असतात. मी पाठवला तो नकली पापण्या चिकटवायच्या मुहूर्तावर. मेकअपवालीनं बजावलेलं, डोळे मिटा, रडायचं तर मुळीच नाही. फोन करवलीकडे, करवली पोह्यांकडे, म्हणून फोन आत्याकडे. आत्या म्हणजे निवृत्त मराठी शिक्षिका. त्यांनी चष्मा लावला आणि सगळ्या खोलीला खणखणीत वाचून दाखवला. छप्पन दुकानापाशी भर पावसात तिनं माझी कचोरी खाल्ली होती, तिथपासून ‘मला तुझ्या बाबांची अजून भीती वाटते’ इथपर्यंत. बाबा दाराशीच उभे होते, मुंडावळ्या घेऊन.

मग माझा फोन वाजला.

“जावईबापू, मेसेज मिळाला. छान आहे. पण ‘तुझ्याशिवाय’ मधला शि ऱ्हस्व असतो.”

“आत्या, तो तिच्यासाठी होता हो.”

“हो ना, तिला शिकवायलाच हवं. तुम्ही दीर्घ काढलाय. आणि ‘आठवण येते’च्या पुढे तीन टिंबं का? वाक्य पूर्ण करा की. हॅलो? गुरुजी, थांबा जरा, मी जावयांशी बोलतेय.”

मी शि सुधारायला धावलो. व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज पंधरा मिनिटांच्या आतच बदलता येतो, आणि मी अठराव्या मिनिटाला होतो. पुसून टाकावा, तर तिथे पाटी उरते की मेसेज पुसला. लग्नाच्या सकाळी नवऱ्यानं मेसेज पुसला, ही बातमी मांडवात कुठवर गेली असती? राहू दिला दीर्घ शी.

गौरीहरापुढे बसलेल्या नवरीला बायका कचोरीवरून चिडवत होत्या म्हणे. अंतरपाट धरला तेव्हा पलीकडून तिच्या मामांनी हळूच विचारलं, “का हो, भीती गेली का?” हसलो. काय करणार? पण खरं सांगतो, राग आला. पहाटे साडेपाचला उठून, चार वेळा खोडून मी दहा ओळी लिहिल्या होत्या, आणि वऱ्हाडाला पोह्यांवर शेव मिळावी तसा तो मजकूर वाटला गेला. ज्याचा त्याला नको का मिळायला?

काल रात्री तिला म्हटलं, आता तरी वाच. “ऐकला की मी. कचोरीचा ना?”

आत्या ‘Read more’ पाशी थांबल्या होत्या. त्यांना वाटलं, संपला. खरी गोष्ट शेवटच्या तीन ओळींत होती, आणि त्या अजून तिथेच आहेत, वर दोन निळ्या खुणा घेऊन.

ती म्हणाली, “उद्या वाचते रे, पिना काढू दे आधी.” सत्तावीस निघाल्या. मीच मोजल्या.