बंद सत्राचं इतिवृत्त: व्हायरल सल्ला आणि त्याने होणारा घोळ

"सर्व सचिवांसाठी महत्त्वाचे! १) बंद दाराआडच्या चर्चेचे इतिवृत्त लिहू नये. जे लिहिलेच नाही ते फुटत नाही. २) सदस्यांना पाठवायच्या इतिवृत्तात त्या चर्चेचा उल्लेखही नको, लोक उगाच प्रश्न विचारतात. ३) वाटल्यास सचिवाने स्वतःच्या डायरीत नोंद ठेवावी, ती कायम करून घ्यायची गरज नसते. ४) किंवा एकच इतिवृत्त करून गोपनीय ओळींवर काळी पट्टी मारावी. पुढे पाठवा."

आमच्या वहिनींकडे नुकतंच एका संस्थेचं सचिवपद आलं आहे. हा मेसेज मला पाठवून त्यांनी खाली लिहिलं होतं, "ताई, मग मी तो अख्खा परिच्छेद काढूनच टाकते." इतके दिवस हा सल्ला इकडून तिकडे फिरत होता, मी दुर्लक्ष करत होते. आता तो घरात शिरल्यावर गप्प बसणं जमत नाही.

सगळ्यात घातक पहिला मुद्दा आहे, त्यामुळे जास्त वेळ त्यालाच देते. बंद सत्रात माणसं नुसती बोलत नाहीत, तिथे निर्णयही होतात. समजा, नऊ जणांची कार्यकारिणी आहे आणि गणपूर्ती पाचची. बैठकीला आठ जण आले. एका कर्मचाऱ्याविरुद्धच्या तक्रारीसाठी बंद सत्र घ्यायचं ठरलं. एक सदस्य त्या कर्मचाऱ्याचे नातेवाईक, म्हणून ते बाहेर गेले. उरलेल्या सात जणांनी पाच विरुद्ध दोन मतांनी ठरवलं की बाहेरचा चौकशी अधिकारी नेमायचा, चौकशी संपेपर्यंत कर्मचाऱ्याला पगारी रजेवर ठेवायचं आणि पत्रावर अध्यक्षांनी सही करायची. हे सगळं झालं आणि कुठेही लिहिलं नाही.

काही महिन्यांनी त्या कर्मचाऱ्याने विचारलं की हे पत्र कुठल्या ठरावाच्या आधारे दिलं, तर सचिव काय दाखवणार? तोवर अध्यक्ष बदललेले असू शकतात. विरोधात मत दिलेले दोघं म्हणतील, आम्हाला वाटलं फक्त चौकशी ठरली, रजेचं काही ठरलंच नव्हतं. नातेवाईक सदस्य मतदानाच्या वेळी खोलीत होते की बाहेर, हेही कुणाला छातीठोकपणे सांगता येणार नाही, आणि वाद वाढला की पहिला प्रश्न नेमका तोच येतो. ज्याला संरक्षण द्यायचं म्हणून दार बंद केलं, त्या कर्मचाऱ्यालाही पुढे निर्दोष ठरल्याचा कागद मिळणार नाही. फुटण्याच्या भीतीने लिहायचंच नाही असं ठरवलं की गोपनीयता कशीबशी टिकते, पण निर्णयाचा पत्ता लागत नाही.

सभांच्या नियमांसाठी जगभर आधाराला घेतलं जाणारं पुस्तक म्हणजे 'रॉबर्ट्स रूल्स ऑफ ऑर्डर'. पहिली आवृत्ती १८७६ ची, बारावी २०२० ची. बंद सत्राचं इतिवृत्त असतं हे तिथे गृहीतच धरलेलं आहे. नियम आहे तो ते कुठे वाचायचं याबद्दल: ते बंद सत्रातच वाचायचं आणि तिथेच कायम करायचं. याला अपवाद दोन. एक, इतिवृत्तात जे येणार आहे, म्हणजे झालेली कृती, ती मुळात गुप्तच नव्हती. दुसरा, सभेने स्वतः गोपनीयता उठवली. गोपनीय असल्याने लिहूच नका, असं तिथे कुठेही नाही.

आता नाइलाजाने एक गोष्ट मान्य करते. मेसेज लिहिणाऱ्याच्या मनात बहुधा चर्चेचं शब्दशः टिपण असावं, आणि ते लिहू नये हे खरंच. कोण कुणाबद्दल काय बोललं, कुणाचा आवाज चढला, वकिलांनी बाजू कितपत कच्ची आहे म्हणून सांगितलं, यातलं काहीही इतिवृत्तात येता कामा नये. पण हा नियम उघड सत्रालाही तसाच लागू आहे. इतिवृत्तात काय केलं ते येतं, काय बोललं गेलं ते नाही. आमच्याकडे पानभर संवाद लिहिण्याची सवय असल्याने बंद सत्र आलं की लोक घाबरतात आणि थेट दुसऱ्या टोकाला जातात. वर सांगितलेल्या बैठकीचं बंद सत्राचं इतिवृत्त फार तर अर्ध्या पानाचं होईल: सुरू झाल्याची आणि संपल्याची वेळ, हजर कोण, नातेवाईक सदस्य किती वाजता बाहेर गेले आणि का, ठरावाचे नेमके शब्द, सूचक, मतांची संख्या, पत्रावर सही कुणी करायची.

रेकॉर्डिंगचंही तेच. ऑनलाइन बैठकीत उघड भागाचं रेकॉर्डिंग चालू असतं आणि बंद सत्र सुरू झाल्यावर ते थांबवायचं कुणाच्या लक्षातच राहत नाही. मग सगळी चर्चा त्याच फाइलमध्ये जाते आणि फाइल नेहमीच्या फोल्डरमध्ये, जिथे निमंत्रितांनाही प्रवेश असतो. बंद सत्रासाठी वेगळी लिंक ठेवा. रेकॉर्डिंग ठेवायचंच असं सभेने ठरवलं असेल तर तीही वेगळी फाइल हवी, आणि ती किती काळ ठेवायची हेही तेव्हाच ठरवून घ्या.

दुसरा मुद्दा वाचून वहिनींनी परिच्छेद काढायला घेतला होता. तो काढला की उघड इतिवृत्तात बैठक सहा वाजून दहा मिनिटांनी विषय क्रमांक सहावर थांबते आणि सहा पन्नासला आठवर सुरू होते. मधली चाळीस मिनिटं आणि सातवा विषय कुठे गेला, हे कुणीही विचारेल. प्रश्न टाळायला म्हणून केलेल्या गोष्टीनेच प्रश्न उभे राहतात. शिवाय बंद सत्र घ्यायचं हा ठराव उघड बैठकीतच होतो, सगळ्यांसमोर. तो लपवण्यासारखं त्यात काही नसतं.

वहिनींना मी पाठवलेला मजकूर असा:

"विषय ७. सेवाविषयक बाबीसाठी बंद सत्र घेण्याचा ठराव बहुमताने संमत. निमंत्रित व कर्मचारी ६.१० वाजता बाहेर गेले. बंद सत्राचे इतिवृत्त स्वतंत्र ठेवले आहे. ६.५० वाजता उघड बैठक पुन्हा सुरू झाली."

निर्णयातला काही भाग सांगायचं सभेने ठरवलं असेल तर आणखी एक वाक्य येईल, आणि तेही सभेने मान्य केलेल्या शब्दांत. सचिवाने आपल्या मनाने सारांश करायचा नाही. काय गुप्त आणि काय उघड हे ठरवणं सचिवाचं काम नव्हे, अध्यक्षांचंही एकट्याचं नव्हे.

या चार ओळींतही पाय घसरतो. विषयाचं वर्णन 'लेखा विभागातील कर्मचाऱ्याची तक्रार' असं केलं आणि त्या विभागात दोघंच असतील, तर नाव लिहिल्यासारखंच झालं. म्हणून 'सेवाविषयक', 'कायदेशीर सल्ला', 'कराराची बोलणी' एवढ्यावरच थांबायचं. अजेंडा पाठवतानाही हेच, नाहीतर इतिवृत्त सांभाळून लिहायचं आणि नाव आठवडाभर आधी अजेंड्यातूनच सगळ्यांच्या हातात! आणखी एक गोष्ट सहज निसटते. नातेवाईक सदस्य हितसंबंधामुळे बाहेर गेले, ही नोंद महत्त्वाची आहे, पण ती उघड इतिवृत्तात टाकली तर तक्रार कुणाविरुद्ध आहे हे ज्याला कळायचं त्याला कळतं. ती फक्त बंद सत्राच्या कागदात. आणि त्या सदस्यांना बंद सत्राच्या इतिवृत्ताची प्रत पाठवायची नाही. सगळ्या कार्यकारिणीला एकदम ईमेल करण्याच्या सवयीमुळे ही चूक फार होते.

तिसरा मुद्दा डायरीचा. जे कायम झालं नाही ते सचिवाचं खासगी टिपण, सभेचं दप्तर नव्हे. सचिव बदलला की डायरी त्याच्या घरी जाते. लोकांची अडचण मला कळते: बंद सत्राचं इतिवृत्त बंद सत्रातच कायम करायचं, मग त्या दुसऱ्या सत्राचं इतिवृत्त कुठे कायम करायचं, ही साखळी संपणार कधी? उत्तर त्याच पुस्तकात आहे. फक्त इतिवृत्त कायम करण्यापुरतं बंद सत्र घेतलं, तर त्या सत्राचं छोटंसं इतिवृत्त त्याच बैठकीत कायम झालं असं धरलं जातं. प्रत्यक्षात पुढच्या बैठकीच्या शेवटी पाच मिनिटांचं बंद सत्र घ्यायचं, प्रती वाटायच्या, वाचून झाल्यावर मोजून परत घ्यायच्या, मूळ प्रतीवर सही घ्यायची आणि ती वेगळ्या वहीत, कुलपात. वहीच्या पानांना क्रमांक हवेत. कच्च्या टिपणांचं काय करायचं याचा संस्थेचा नियम असेल तो पाळा; मात्र वाद सुरू झाला असेल तर एकही कागद फाडायचा नाही.

काळ्या पट्टीवर फार वेळ घालवत नाही. संगणकावर पट्टी बहुतेक वेळा अक्षरांच्या वर नुसती ठेवलेली असते. खालचा मजकूर कॉपी करून दुसरीकडे पेस्ट केला की वाचता येतो. कागदावर नीट झाकलं तरी पट्टीच्या लांबीवरून नाव ओळखणारे महाभाग असतातच. आणि मुख्य अडचण वेगळीच आहे: उघड बैठक जे इतिवृत्त कायम करते त्यातला काही भाग तिथल्या लोकांनी पाहिलेलाच नसतो, मग कायम केलं ते नेमकं काय? दोन कागद सुरुवातीपासून वेगळे लिहा. एकाच फाइलमध्ये लिहून नंतर अर्धा भाग पुसला, तर फाइलच्या आधीच्या आवृत्त्यांत तो सापडू शकतो.

एक मर्यादा सांगायला हवी. वेगळं ठेवलं म्हणजे ते कायमचं कुणालाच दिसणार नाही असं नाही. न्यायालय कागद मागवू शकतं. संस्था एखाद्या कायद्याखाली चालत असेल तर बंद सत्र कशासाठी घेता येतं आणि निर्णय कधी जाहीर करायचा, हे त्या कायद्यात दिलेलं असू शकतं, आणि तिथे कायदाच वरचढ. म्हणून बंद सत्राचं इतिवृत्तही उद्या परक्या माणसाने वाचलं तरी लाज वाटू नये अशा भाषेतच लिहायचं.

वहिनींचा पुढचा मेसेज लगेच आला: "चौकशी संपली आणि ते निर्दोष निघाले, तर मग सगळ्यांना सांगता येईल का?" येईल. बंद सत्रात तसा ठराव करायचा, किती सांगायचं ते शब्दांसकट त्यात लिहायचं, शक्यतो त्या कर्मचाऱ्याला आधी विचारून. मग तेवढीच वाक्यं पुढच्या उघड इतिवृत्तात घ्यायची, ठरावाच्या तारखेसह. जुन्या इतिवृत्तातल्या सातव्या विषयाला हात लावायचा नाही.