‘हातमोजे सदा हाती’ ही ओळ मी मागे घेतो

वाचकाची प्रतिक्रिया: “सुरक्षा सप्ताहाच्या तुमच्या ओव्या कानाला गोड आहेत, पण ‘हातमोजे सदा हाती, हेल्मेट ते डोईवर’ ही ओळ धोकादायक आहे. आमच्या ड्रिलवर हातमोजे घालायला सक्त मनाई आहे. आणि हेल्मेट तर सगळे घालतातच, त्यात नवीन काय सांगितलंत? वर पन्नाशीच्या कामगाराला ‘तू’ म्हणायचं! फलकावर सूचना लिहिलेल्या पुरत नाहीत का?”

नमस्कार. हातमोज्यांबद्दल तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. ‘सदा’ हा शब्द मी फक्त आठ अक्षरं भरायला घातला होता, आणि चूक नेमकी तिथेच झाली.

ड्रिलवर मोजा किती झटकन गुंडाळून ओढला जातो ते पाहू. बिट १० मिलिमीटर जाड आहे आणि मिनिटाला ६०० फेरे घेतंय, म्हणजे सेकंदाला १०. एका फेऱ्यात त्यावर सुमारे ३१ मिलिमीटर कापड गुंडाळलं जातं. माणूस दचकून हात मागे घेईपर्यंत पाव सेकंद जातो असं धरलं, तर तेवढ्यात मोज्याचा आठेक सेंटीमीटर भाग आत ओढला गेलेला असतो आणि त्यामागून बोटं. उघड्या हाताला बिट लागलं तर जखम होते, पण हात बहुधा सुटतो. मोजा सुटू देत नाही.

तरी लोक मोजे का घालतात? जॉब, म्हणजे भोक पाडायचा धातूचा तुकडा, हातात धरलेला असतो, त्याच्या कडा धारदार असतात आणि धातूचा कीस गरम निघतो. म्हणून नुसतं ‘मोजा काढ’ म्हणून भागत नाही, जॉब वाइसच्या पकडीत गेला पाहिजे. माझा पहिला खर्डा ‘फिरे ड्रिल, मोजा काढ’ असा होता. मोठ्याने म्हणून पाहिला आणि चरकलो. ड्रिल फिरत असतानाच कुणी त्याच्याशेजारी उभा राहून मोजा ओढायला लागला तर? म्हणून आता असं केलंय:

जॉब बांध वाइसात,
दूर राही मग हात.

ड्रिलआधी मोजा काढ,
ब्रशानेच कीस झाड.

ड्रिल थांबे, मोजा घाल,
पत्रा उचलून चाल.

‘काढ’ आणि ‘झाड’ हे यमक कच्चं आहे, मला ते टोचतं. पण पक्क्या यमकासाठी पुन्हा एखादा ‘सदा’ घुसवण्यापेक्षा हे बरं. ब्रशसुद्धा ड्रिल थांबल्यावरच चालवायचा. ते ओळीत मावलं नाही, म्हणून सांगणाऱ्याने तोंडी सांगायचं. आम्लासाठी कुठला मोजा, वेल्डिंगला कुठला, हे मी ओवीत आणतच नाही. ते काम तुमच्या फलकाचं.

हेल्मेटबाबत मात्र मी थोडा भांडेन. डोक्यावर आहे म्हणजे घातलंय असं नाही. वरचं कवच आणि आतली पट्ट्यांची जाळी यांच्यामध्ये मोकळी जागा मुद्दाम ठेवलेली असते. घाव बसला की जाळी ताणली जाते आणि कवच त्या जागेत खाली येतं. तिथे मोबाइल खोचला तर घाव मोबाइलमार्गे थेट टाळूवर. हनुवटीचा पट्टा सैल असला तर वाकल्यावर हेल्मेट आधी पडतं आणि वरून येणारा पाना मागाहून.

हेल्मेटात फोन नको,
पट्टा सैल मुळी नको.

हेल्मेटला घाव एक,
चीर नसो, तरी फेक.

शेवटच्या ओळीवर स्टोअरवाले रागावतात, कारण हेल्मेट दिसायला धड असतं. पण जोराचा घाव एकदा झेलला की कवचात न दिसणारी चीर राहू शकते आणि जाळीचे टाके ताणलेले असतात. दुसऱ्या घावाला ते किती टिकेल हे वरून पाहून कळत नाही.

आता ‘तू’ची गोष्ट. सुपरवायझरने समोर उभं राहून पन्नाशीच्या माणसाला ‘मोजा काढ’ म्हटलं तर ते खटकणारच. म्हणून शेवटचा शब्द त्याने म्हणायचाच नाही. तो ‘ड्रिलआधी मोजा’ म्हणून थांबेल आणि सगळे ‘काढ!’ म्हणतील. तेव्हा ती आज्ञा ज्याची त्यानेच स्वतःला दिलेली असते. ‘नको’ची जोडी यासाठी फार सोयीची आहे, पहिल्याच दिवशी जमते. आठ अक्षरं एका दमात होतात आणि मागे कॉम्प्रेसर चालू असला तरी ऐकू येतात. फलकावरचं लांब वाक्य त्या गोंगाटात वाचून दाखवलं तर मागच्या रांगेपर्यंत अर्धंच पोचतं.

थांबल्यावर मागून ‘काढ’ आणि ‘घाल’ दोन्ही उठले, तर त्या दिवशी पुढची ओवी म्हणू नका. ड्रिलपाशी जाऊन, ते बंद ठेवून, मोजा कधी काढायचा आणि कधी घालायचा ते एकदा हाताने करून दाखवा.

जुनी ओळ मूळ लेखातून काढली आहे. कुणी छापून भिंतीवर लावली असेल तर ती उतरवा.